तडा अकरा इंचांचा होता

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझ्या ओळखीतली निम्मी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. मी कपडे शिवते. जुनं गिऱ्हाईक 'मागचीच मापं धरा' म्हणालं तरी मी टेप काढतेच. कारण कपडा घट्ट झाला की वाढलेलं पोट कुणाचंच नसतं, चूक मात्र शिंपिणीची असते.

चार वर्षांपूर्वी आम्ही मायलेकी या भाड्याच्या घरात आलो, तेव्हा आई दारात सामान उतरवून घेत होती आणि मी भिंती बघत फिरत होते. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक तडा तिरका वर गेलेला दिसला. केसाएवढा असेल. घरमालक तिथेच उभे होते. ते खाली तळमजल्यावर राहतात आणि सगळे त्यांना काका म्हणतात.

"अहो, तो जुना आहे," काका म्हणाले. "त्याच्याकडे काय बघायचं?"

"जुना आहे म्हणूनच बघायचं," मी म्हटलं आणि स्टुलावर चढले. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली आणि टेप लावून माप घेतलं. एक फोटो खिडकीसकट अख्ख्या भिंतीचा, म्हणजे भिंत दुसरीच आहे असं म्हणायची सोय नको. दुसरा जवळून, टेपचे आकडे दिसतील असा. दोन्ही लगेच काकांच्या फोनवर पाठवले आणि खाली लिहिलं, 'घर ताब्यात घेताना असलेला तडा, अकरा इंच.' काकांनी न बघताच अंगठा पाठवला.

"अगं, माणसांवर विश्वास ठेवावा," आई म्हणाली.

"ठेवते की. फोटो काढून ठेवते."

मग दर वर्षी करार नवा करायच्या दिवशी मी तेच केलं. तेच स्टूल, तोच कोन, तोच टेप. आई कपाळाला हात लावायची.

या वर्षी मात्र आमचं भाग्य उजळलं. हमरस्त्यावर एक गाळा मिळत होता. पुढे दुकान, मागे दोघींपुरती खोली. इथलं डिपॉझिट परत मिळालं की तेच तिथे भरायचं होतं. मुदत शनिवार संध्याकाळची, आणि दुसरं एक गिऱ्हाईक गाळ्यावर टपून बसलेलं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या घरात मशीन चालवली होती मी. माझ्या नावाची पाटी कशी असेल तेसुद्धा ठरवून झालं होतं.

गुरुवारी काका घर तपासायला आले. पुढच्या भाडेकरूसाठी रंग काढायचा म्हणून सोबत मिस्त्रीला आणलं होतं. नळ, दारं, स्वयंपाकघराचा ओटा, सगळं ठीक निघालं. मग काका खिडकीसमोर थांबले.

"हे काय?"

तडा आता खिडकीपासून जवळजवळ छतापर्यंत गेला होता. नाण्याची कड आत जाईल एवढा रुंद.

"तुम्ही आलात तेव्हा हे नव्हतं," काका म्हणाले. "दुरुस्ती डिपॉझिटमधून कापावी लागेल. बरीच."

मी याच घटकेची चार वर्षं वाट बघत होते म्हणा ना. फोन काढला आणि पहिला फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "नव्हतं? बघा. तारखेसकट."

काकांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, भिंत बघितली. "बरोबर. अकरा इंच होता. आणि आता? मिस्त्री, लावा हो टेप."

मिस्त्रीने टेप लावला. "तेवीस."

"म्हणजे वरचे बारा इंच तुमच्या काळातले. दिवसभर तुमची मोटारची मशीन याच भिंतीला धडधडते. दुसरं काय असणार?"

तडा का वाढला ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्याच हाताने मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. अकरा इंचांचा पुरावा दाखवायला गेले आणि बाराचा गुन्हा पदरात पडला. डोळ्यांसमोरून गाळा निघून चालला होता, आणि मला रडू येत होतं ते रागाचं.

तेवढ्यात आई पुढे आली. "असेल हो मशीननेच. कापून घ्या तुम्ही. भांडण नको."

"आई, तू थांब."

"अगं, आपलंच काहीतरी चुकलं असेल."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. दूध उतू गेलं, पाऊस आला, बस चुकली, आईचंच चुकलेलं असतं.

मिस्त्री इतका वेळ तड्यावरून बोट फिरवत होता. त्याने विचारलं, "ताई, मधले फोटो आहेत का?"

आहेत का म्हणे. मी एकेक काढून दाखवले. एक वर्ष झाल्यावर, अकरा इंच. दोन वर्षांनी, अकरा. तीन वर्षांनी, अकरा. तड्याचं टोक माझ्या पेन्सिलीच्या रेघेवर जसंच्या तसं.

"फोटोवरच्या तारखा काय, कुणीही बदलेल," काका पुटपुटले.

"माझ्या नका बघू. तुमच्या फोनमध्ये बघा. सगळे तुम्हालाच पाठवलेत."

काकांनी फोन उघडला. बराच वेळ ते वर वर सरकवत राहिले. दर वर्षीच्या फोटोखाली त्यांचा अंगठा होता. शेवटचा सहा महिन्यांपूर्वीचा निघाला. मी लिहिलं होतं, 'काका, तडा वाढलाय. तेवीस इंच झाला. बघून घ्या.' त्याखाली काकांचं उत्तर होतं, गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'.

मिस्त्रीला हसू आवरेना. मग तो गंभीर झाला. "मशीन पहिल्या दिवसापासून इथेच आहे ना? मशीनने जायचा असता तर तीन वर्षं थांबला नसता. चौथ्या वर्षी नवीन काय झालं?"

उत्तर दिलं ते आईने. "गच्चीवर टाकी आली."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. दोन हजार लिटरची नवी टाकी बरोबर आमच्या खिडकीच्या वर ठेवलेली होती. मिस्त्रीने वाकून खाली बघितलं आणि मान हलवली. "भरली की दोन टन. ती खांबांवर पाहिजे होती. इथे सगळा भार खिडकीच्या डोक्यावर येतोय. काका, टाकी आजच रिकामी करा. इंजिनीअरला दाखवा. आणि तोवर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका."

काका टाकीकडे बघत उभे राहिले. पुढच्या महिन्यात त्या खोलीत दोन लहान मुलांचं कुटुंब येणार होतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

"टाकी मीच ठेवायला लावली," शेवटी ते म्हणाले. "जागा वाचते म्हणून. चूक माझी आहे. आणि तुम्ही कळवलं होतं." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही."

आई पदराशी चाळा करत राहिली.

शुक्रवारी सकाळी पूर्ण डिपॉझिट जमा झालं. इंजिनीअरला दाखवायला म्हणून काकांनी सगळे फोटो पुन्हा मागून घेतले, आणि या वेळी एकेक उघडून बघितला. नवं कुटुंब दुरुस्ती झाल्यावरच येणार असं ठरलं. शनिवारी दुपारी गाळ्याची किल्ली माझ्या हातात होती.

संध्याकाळी सामान टेम्पोत चढवलं. मशीन मागे बांधली आणि आम्ही दोघी पुढे चालकाशेजारी बसलो. आई समोर बघतच म्हणाली, "तू सहा वर्षांची असताना आपण एक घर सोडलं होतं. तिथलं बेसिन तडकलं होतं. सगळं डिपॉझिट त्यात गेलं."

मला काहीच आठवत नव्हतं.

"तुझे वडील म्हणाले, तूच काहीतरी आपटलं असशील. मी हो म्हटलं. पुढे जन्मभर ऐकून घेतलं, धांदरट, धांदरट." ती थांबली. "मी नव्हतं आपटलं. ते आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हाच तडकलेलं होतं. पहिल्या दिवशी भांडी घासताना बघितलं होतं मी."

तीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तिचा हात धरला.

"आणखी सांगू?" आई म्हणाली.

"सांग ना."

पुढे रस्ता खराब होता आणि टेम्पोचा खडखडाट फार होत होता. मी चालकाला म्हटलं, "भाऊ, जरा हळू घ्या. आई बोलतेय."