जांगडीचा रकाना

कंपनीचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलं. माझ्या सुनेने, सुनीताने, ते मला मराठीत करून सांगितलं. एक एप्रिलपासून प्रत्येक अधिकृत विक्रेत्याने दर महिन्याला दुकानातल्या मालाचा हिशेब फ्लॉपीवर पाठवायचा, पार्ट नंबरासकट. कंपनीचा माणूस न सांगता येईल, शेल्फ मोजेल, कागदाशी ताडेल. जुळलं नाही तर विक्रेतेपण दुसऱ्याला.

दुसरा म्हणजे कोण ते आम्हाला ठाऊक होतं. दिनानाथ. हायवेच्या पलीकडे त्याचं काचेचं दुकान. त्याने काँप्युटर आधीच घेऊन त्यावर मखमली कापड घातलं होतं.

आमचं दुकान ट्रकच्या सुट्या भागांचं. सरकारने आमची मिठागरं घेतली, त्या पैशांवर माझ्या मालकांनी एकोणीसशे शहात्तर साली पनवेलला ते टाकलं. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, चौथी नापास बाई काय गिअरबॉक्स विकणार. तेव्हापासून पंधरा वर्षं विकतेय. मला इंग्रजी येत नाही, पण किंगपिन हातात घेतली की कुठल्या गाडीची ते सांगते.

महादेव, माझा मुलगा, ठाण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याचा पत्ता घेऊन आला. त्यांना लिहायचं, त्यांनी येऊन दुकानात प्रोग्राम चालवून दाखवायचा, किंमत सांगायची.

"पण आधी त्यांना कळायला हवं, माणसं किती आणि प्रोग्राममध्ये काय काय हवंच," महादेव म्हणाला. "त्यावर भाव ठरतो."

"लिव. माणसं अकरा."

"आई, अकरा जण थोडेच बसणार मशीनवर?"

"मालाला हात कोन लावतं? अकरा जन. आमी काय टपरी चालवतो?"

त्याने अकरा लिहिले. मग मी बोटांवर मोजत सांगितलं. एक, कंपनीचा नंबर टाकला तरी सापडलं पाहिजे आणि मिस्त्री ज्या नावाने मागतो त्या नावानेही. दोन, कुठल्या शेल्फवर आहे ते. तीन, कंपनीची फ्लॉपी. चार, जांगड.

जांगड म्हणजे माल बघायला देणं. मिस्त्री इंजिन खोलतो, बेअरिंगचं माप लागत नाही, दोन मापांचे सेट घेऊन जातो. बसेल तो ठेवतो, उरलेला परत आणतो. विकला असं नाही, दुकानात आहे असंही नाही. आमचा दयाराम, मालकांच्या वेळचा स्टोअरकीपर, हे सगळं एका पाटीवर खडूने लिहितो. कोणाकडे काय गेलंय, ते त्या पाटीवर. अर्ध्या पनवेलचे गॅरेजवाले आमच्याकडे येतात ते त्या जांगडीमुळे.

महादेवाने सगळं टाईप करून पाठवलं. इंग्रजीत.

मार्चच्या वीस तारखेला सत्यजीत नावाचा मुलगा टॅक्सीतून आला. टाय, घाम, दोन खोकी. काउंटरवर जागा करून त्याने मशीन मांडलं, बॅटरीचा डबा जोडला, प्रिंटर लावला. मिस्त्री लोक माल घ्यायचं सोडून बघायला उभे राहिले.

"मावशी, आधी भावाचं सांगतो," तो म्हणाला. "तुमची अकरा माणसं. म्हणजे अकरा ठिकाणी एकाच वेळी चालणारा प्रोग्राम, मधलं मोठं मशीन, वायरिंग. प्रोग्राम आणि वायरिंगचेच एक लाख ब्याऐंशी हजार. मशीनं वेगळी."

महादेवाने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बघ, असं.

"अकरा जन एकदम कशाला बडवतील?" मी म्हणाले. "काउंटर दोन हायत."

"मग तसं लिहायचं ना. माणसं किती नाही, एका वेळी बसणार किती, त्यावर भाव असतो. दोन जागा म्हणजे सदतीस हजार. सहा दिवस शिकवणं त्यात आलं. पुढच्या वर्षापासून देखभालीचे वेगळे."

चूक माझी होती. मी ती गिळली आणि त्याला चहा मागवला.

मग त्याने चालवून दाखवलं. बटण दाबलं, निळ्या पडद्यावर ओळी. क्लच प्लेट, नंबर, शेल्फ, शिल्लक. टाईप करायच्या आत उत्तर येत होतं. महादेवाचा चेहरा फुलला. "आई, दहा दिवस उरलेत. आजच ऑर्डर देऊन टाकू."

"ह्या प्लेटी कोनाच्या?" मी विचारलं.

"नमुन्याच्या आहेत, मावशी."

"नमुना सगळ्यांचाच चांगला असतो. आमचा माल घाल."

त्याने घड्याळ पाहिलं. पण सुनीता पुढे झाली, दयारामाने नंबर वाचले आणि दोघांनी पंधरा-वीस वस्तू आत घातल्या. त्यात मेन बेअरिंग. दहाच्या मापाचे दोन सेट, वीसच्या मापाचा एक.

तेवढ्यात उदयसिंह आला. पळस्पे फाट्यावर त्याचं गॅरेज. हात कोपरापर्यंत काळे.

"मौसी, जुन्या बेअरिंगवरचा आकडा घासून गेलाय. दहा का वीस, बसवल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही द्या, तासाभरात एक परत आणतो."

दयाराम उठलाच होता. मी सत्यजीतला म्हणाले, "हे घाल आता."

"विक्री किती?"

"विक्री नाय. जांगड."

त्याने खिशातून आमचंच पत्र काढलं, वरून खाली बोट फिरवलं. "मावशी, तुमच्या पत्रात तीनच गोष्टी हव्यात म्हणून लिहिल्यात. जांगड नाही."

दुकानात मिस्त्री, हमाल, दयाराम, सगळे. मी महादेवाकडे पाहिलं. तो स्टेपलरशी खेळत होता.

"मी नाही लिहिलं," तो म्हणाला. "मुंबई-ठाण्याच्या लोकांना काय सांगणार, आम्ही उधारीच्या पाटीवर माल वाटतो? शिवाय कंपनीला कळलं तर."

"उधारी नाय ती."

"त्यांना फरक कळतो का, आई?"

"तुला कळतो का?"

उदयसिंह पाय बदलत उभा. सत्यजीत समजुतीने म्हणाला, "विक्री घालू, मग परत आलं की परतावा घालू. होतं काम."

सुनीता म्हणाली, "म्हणजे कंपनीच्या फ्लॉपीत वीसचे विकलेले दिसणार. दर महिन्याला पंचवीस-तीस वेळा. त्या आकड्यावर ते पुढचा माल पाठवतात. न खपणाऱ्या मापांनी शेल्फ भरून जाईल. आणि प्रत्येक वेळी बिल फाडून रद्द करायचं?"

"मग घालूच नका."

"मग कागदावर एक आणि शेल्फवर शून्य," दयाराम म्हणाला. "मोजायला आले की संपलं, वैनी."

"तसा रकाना करून मिळंल?" मी विचारलं.

"दोन महिने लागतील. वेगळे पंचवीस हजार." त्याने टाय सैल केला. "खरं सांगू का मावशी, आता दुकानं अशी चालत नाहीत. हवं ते विकत घ्या म्हणायचं. जांगड बंद करा, सगळं सोपं होईल."

"महादेवा, तू काय म्हनतोस?"

"मी म्हणतो, बंद करू. विक्रेतेपण गेलं तर जांगड द्यायला माल तरी कुठे राहील?"

बोलणं खोटं नव्हतं, तेच लागलं. एकीकडे कंपनी, एकीकडे हे काळे हात. उदयसिंह हळूच म्हणाला, "मौसी, जमत नसेल तर मी दिनानाथकडे बघतो. गाडी उरणच्या बंदराची आहे, मालक डोक्यावर बसलाय." आणि तो खरंच वळला.

"थांब तिथंच," मी म्हणाले.

मी पडद्याजवळ सरकले. अक्षरं मला लागत नव्हती, पण रकाने दिसत होते. शिलकीच्या बाजूला दोन आकडे वेगळे आणि मग एक बेरीज. "हे दोन कशाचे?"

"गोदामं. नमुन्यात दोन आहेत. दुकानातला माल इकडे, गोदामातला तिकडे. इकडून तिकडे हलवला की विक्री होत नाही, नुसती जागा बदलते."

"गोदामं किती घालता येतात?"

"नव्व्याण्णव."

"त्याला नाव काय द्यायचं, ते कोन ठरवतं?"

"तुम्ही. कळंबोली, खांदा कॉलनी, काहीही."

"मग लिव, उदयसिंह."

सत्यजीत माझ्याकडे बघत राहिला. सुनीताला आधी कळलं. तिने त्याला बाजूला सरकायला सांगितलं, तिसरं गोदाम उघडलं, उदयसिंह टाईप केलं आणि दहाचा एक, वीसचा एक असे दुकानातून तिकडे हलवले. प्रिंटर किर्र करत चालला. कागदावर वीसचं माप. दुकानात शून्य, उदयसिंहकडे एक, एकूण एक.

दयारामाने पाटी आणून शेजारी धरली. तोवर त्याने खडूने तेच लिहून ठेवलं होतं.

"ने रे," मी उदयसिंहला म्हणाले.

सत्यजीत कागद उलटसुलट करत म्हणाला, "हे आमच्या पुस्तिकेत नाहीये."

"मंग घाला पुस्तिकेत. पंचवीस हजार लावू नका त्याचे."

तो पहिल्यांदा हसला. महादेव हसला नाही. मी त्याला तिथे काही बोलले नाही. ऑर्डरचा कागद मात्र सुनीताने लिहिला. एका वेळी दोन माणसं, सदतीस हजार, तीस तारखेपर्यंत बसवून द्यायचं, प्रत्येक मिस्त्रीच्या नावाचं गोदाम करून द्यायचं. प्रत्येक ओळ मराठीत मोठ्याने वाचून झाल्यावर मी सही केली.

तीस मार्चला मशीन बसलं. एप्रिलची फ्लॉपी गेली. मे महिन्यात कंपनीचा माणूस आला, न सांगता, दुपारी दोनच्या उन्हात. कोरा चेहरा, हातात कागद अडकवलेली फळी. त्याने दोन तास शेल्फ मोजली. सगळं जुळत गेलं आणि एका क्लच प्लेटपाशी थांबला.

"कागदावर एक आहे. शेल्फवर नाही."

सुनीताने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "गोदामात आहे."

"हे तुळशीराम गोदाम कुठे आहे? आमच्याकडे नोंद नाही. परवानगी घेतलीत?"

महादेव पांढरा पडला. मी उठले. "साहेब, तुळशीराम मिस्त्री हाय. माल बघायला नेलाय, बसला तर विकला, नाय तर परत. माल आमचाच. तुमच्याच कंपनीचा माल त्यानं खपतो. बघायचा असंल तर चला, समोर रेल्वे फाटकाशी गॅरेज."

मला वाटलं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "चला."

महादेव स्कूटर काढायला पुढे झाला. "मी नेतो साहेबांना," तो म्हणाला, आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

पाऊण तास आम्ही वाट पाहिली. दयारामाने तीच शेल्फ दोनदा पुसली. परत आले तेव्हा त्या साहेबाच्या पँटीवर ग्रीसचा डाग होता. ट्रकखाली वाकून त्याने प्लेटवरचा नंबर स्वतः वाचला होता. ट्रकखाली ठेवलेल्या खोक्यातच होती ती, अजून बसवलेली नव्हती.

त्याने फळीवर काहीतरी लिहिलं. महादेवाने मान वाकडी करून वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. "माल जुळतो, लिहिलंय. विक्रेतेपण पुढे चालू." मग थांबला. "शेवटी एक ओळ आहे. मिस्त्रींच्या नावाची गोदामं, त्यांची यादी दर महिन्याला फ्लॉपीबरोबर पाठवायची."

"यादी कोन करनार?"

"मी करतो," महादेव म्हणाला.

"सुनीता करंल," मी म्हणाले. "तू जा, साहेबांच्या पँटीला रॉकेल आण जरा."