सोबत न जोडलेला दाखला

फोन आला तेव्हा अनारकुल आर्थिक प्रस्तावाच्या फायलीला परवलीचा शब्द लावत होती. निविदेचा नियमच तसा होता: तांत्रिक प्रस्ताव उघडा पाठवायचा, आर्थिक प्रस्ताव कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली मागितल्याशिवाय द्यायची नाही. फोन कोच्कोरहून होता. कंपनीचा पाणीतज्ज्ञ कुबानिच, त्याचे थोरले भाऊ ओमोर बोलत होते.

“बाई, मुलगी जवळ आहे का?”

कुबानिचची मुलगी बेगिमाय समोरच्याच टेबलावर होती. तोंडात पेन धरून ती जोडपत्रांची यादी तपासत होती.

“आहे,” अनारकुल म्हणाली.

“मग बाहेर जाऊन बोला.”

बाहेर कंपनीच्या अंगणात जर्दाळूचं झाड होतं आणि त्याखाली संचालकांची धुळीने माखलेली गाडी. ओमोर आडवळणाने बोलू लागले, आणि दुसऱ्याच वाक्याला अनारकुलला सगळं कळून चुकलं. कुबानिच वरच्या झऱ्याचं पाणी पुन्हा एकदा मोजायला गावी गेला होता. तिथेच त्याच्या छातीत कळ आली. जिल्ह्याच्या इस्पितळात पहाटे त्याने प्राण सोडला.

“तिला सांगू नका,” ओमोर म्हणाले. “वडील आजारी आहेत, एवढंच कळू द्या. आम्ही तिघं मोठी माणसं निघालोय. आम्हीच ऐकवू.”

“ऐकवू” या शब्दामागे काय असतं हे अनारकुलला सांगावं लागलं नाही. त्यांच्याकडे मरणाची बातमी कोणी सहज बोलून टाकत नाही. घरातली वयस्क माणसं जातात, शेजारी बसतात, पाखरू उडालं, तळं सुनं झालं असं काहीतरी बोलत हळूहळू त्या जागी येतात, आणि बातमी पोचते त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना खांदे असतात. अनारकुलच्या धाकट्या भावाची बातमी मात्र तिला फोनवरच्या दोन ओळींत मिळाली होती. तेव्हा ती मॉस्कोतल्या एका गोदामात खोकी बांधायच्या कामावर होती. दोन्ही बाजूंना खोकी होती, माणूस नव्हता. त्या मुलीवर अशी वेळ येऊ द्यायची नाही, असं तिने अंगणात उभ्याउभ्याच ठरवलं.

संचालक मेदेतबेक यांच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. ते ऐकत राहिले, मग त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. कुबानिच त्यांचा महाविद्यालयापासूनचा मित्र होता.

“तीनला मुदत संपते,” ते म्हणाले. “त्याच्या अनुभवपत्रकावर त्याची सही आहे. परवाचीच आहे. एजे, आहे तसं पाठवून द्या. नंतर कळवू.” एजे म्हणजे ताई; कचेरीत सगळेच तिला तसं म्हणत.

“बाइके,” ती थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, “अनुपालनाच्या निवेदनात काय लिहिलंय ते आठवतंय ना? ‘नमूद केलेले तज्ज्ञ प्रस्तावाच्या वैधतेच्या काळात उपलब्ध आहेत.’ खाली सही तुमची आहे. मेलेल्या माणसाला हजर दाखवायचं?”

“मग काय करू? तोच आपला पथकप्रमुख. त्याच्याच नावावर आपण निवडीच्या यादीत आलो.”

“बदली करता येते. मृत्यू किंवा गंभीर आजार, या दोनच कारणांनी. पण पत्रात ते अटींपासूनचं विचलन म्हणून स्पष्ट लिहायला हवं.”

“बदली म्हणून कोणाचं नाव देणार? इशेनबाय?”

“इशेनबायच. अनुभवाची वर्षं भरतात. गुण कमी पडतील.”

“कुबानिच असता तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या,” मेदेतबेक म्हणाले. “म्हणाला असता, इशेनबायला पाण्याची पातळी दाखवा, तो आधी जेवणाची पातळी विचारेल.” त्यांना हसू आलं आणि ते तोंडातच विरलं. “लिहा. खरं तेच लिहा.”

इशेनबायने एका शब्दानेही कारण विचारलं नाही. मेदेतबेकनी त्याला काय सांगितलं कोण जाणे. पण थोड्याच वेळात त्याची सही केलेलं अनुभवपत्रक आणि उपलब्धतेचं संमतिपत्र येऊन पडलं.

पत्र लिहून होईपर्यंत बेगिमायला बाहेर पाठवणं गरजेचं होतं. अनारकुल तिच्या टेबलाशी गेली.

“बेगिमाय, राजा, कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी मटण भरलेले समसे घेऊन ये. पोटात कावळे ओरडताहेत.”

“मुदतीच्या दिवशी समसे? एजे, बऱ्या आहात ना? गेल्या वेळी चहासुद्धा पिऊ दिला नव्हतात.”

“म्हणून तर. जा ना.”

“जाते. पण पाठवू नका हं माझ्याशिवाय. मी यादी पडताळते, मगच बटण.” ती ओढणी सावरत उठली. “आणि इशेनबाय-अगायचं पत्रक कशाला आलंय आपल्याकडे? अता ऐकतील तर रागाने छपराला जाऊन टेकतील.”

“तुझे अता जरा आजारी आहेत,” वडिलांचं नाव निघालंच तेव्हा अनारकुल म्हणाली. वाक्य तिच्या अपेक्षेपेक्षा सहज बाहेर पडलं. “ओमोरकाकांचा फोन होता. जास्त काही नाही. पण सावधगिरी म्हणून बदली नाव देतोय.”

बेगिमायचा चेहरा उतरला. “फोन करते.”

“आत्ता इस्पितळात झोपलेत. संध्याकाळी काका स्वतःच येणारेत तुला न्यायला.”

मुलगी क्षणभर घुटमळली. मग पैसे घेऊन बाहेर पडली.

अनारकुलने पत्र उघडलं. अशी पत्रं लिहिण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्यांतला प्रत्येक शब्द कुठे बसतो हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. विषयात निविदेचा क्रमांक आणि ‘तीनपैकी पहिलं पत्र’, कारण समोरच्यांची ईमेलची पेटी एका वेळी जड जोडपत्रं घेत नसे. मग संबोधन, मग कशाच्या उत्तरादाखल हा प्रस्ताव सादर होतोय ते, मग जोडपत्रांची क्रमवार यादी. त्याखाली निवेदन. जिथे नेहमी ‘कोणत्याही विचलनाशिवाय’ असं लिहायचं, तिथे आज तिला लिहायचं होतं:

‘आम्ही निविदेतील सर्व अटी व शर्ती मान्य करीत असून त्यांचे पालन करू. फक्त एक विचलन नमूद करीत आहोत: निवडीच्या टप्प्यात सादर केलेले पथकप्रमुख श्री. कुबानिच’

इथे बोटं थांबली. ‘यांचे निधन झाल्यामुळे’ हे शब्द टंकले की ते पडद्यावर राहणार, पाठवलेल्या पत्रांत राहणार, आणि निविदेची ईमेलची पेटी उघडायची ती बेगिमायच्याच संगणकावर. प्रवेशाचा आकडाही तिच्याच फोनवर येई. ती पत्र पाहणार, त्यात शंका नव्हती. काका पोचायचे होते. अनारकुलने हिशोब मांडला नाही, विचारही केला नाही. अंगणात ऐकलेले शब्दच बोटांतून उतरले:

‘यांची प्रकृती अस्वस्थ असल्यामुळे ते उपलब्ध नाहीत. त्यांच्या जागी समतुल्य पात्रतेचे श्री. इशेनबाय यांचे अनुभवपत्रक व संमतिपत्र सोबत जोडले आहे.’

वाचताना तिला बरं वाटलं. घरी जी भाषा बोलतात तीच होती ती. आजारी आहे, चला, घरी जाऊ.

बेगिमाय समसे घेऊन आली. तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली पिशवी तिने खिडकीत ठेवली, हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. पदवीनंतर ती इथे आली तेव्हा अनारकुलनेच तिला पहिला धडा दिला होता: पत्र एकाने लिहायचं, दुसऱ्याने निविदेसमोर ठेवून वाचायचं, मग पाठवायचं. बेगिमाय तसंच करू लागली. एका बोटाने निविदेची ओळ, दुसऱ्या बोटाने पत्रातली.

“अधिकारपत्र, आहे. नोंदणी, आहे. वैधता, आहे. आर्थिक प्रस्ताव कुलूपबंद, आहे.” मग ती थबकली. “एजे, तुमच्याकडून राहिलं.”

“काय?”

“दाखला. आजारपणामुळे बदली असेल तर डॉक्टरांचा दाखला प्रस्तावासोबतच जोडायचा, नंतर चालत नाही. मृत्यू असेल तरच पुरावा नंतर.” तिने ओळीवर नखाने टिचकी मारली. “नाहीतर अख्खा प्रस्ताव बाद. काकांना सांगा ना, इस्पितळात आहेत तर दाखल्याचा फोटो पाठवायला किती वेळ लागतोय? मीच करते फोन.”

“नको,” अनारकुल म्हणाली.

“का नको? दोन मिनिटांचं काम.”

“दाखला मिळणार नाही, बेगिमाय.”

तिने हे वाक्य संपवलं आणि त्याच क्षणी तिला समजलं की आता परत घेता येणार नाही. मुलीचं बोट अजून निविदेवर होतं. तिने खाली पाहिलं, तिथे दोन कारणं एकाखाली एक छापलेली होती. एकाला दाखला लागत होता. दुसऱ्याला लागत नव्हता.

अनारकुल टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आली आणि खुर्ची ओढून तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. दुसरी बाजू रिकामीच होती.

“पहाटे,” अनारकुल म्हणाली. “मी सांगायला नको होतं. मोठी माणसं येताहेत तुला ऐकवायला. मी तुला वाचवायला गेले आणि...”

बेगिमाय रडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि ती पडद्याकडेच पाहत होती.

“पत्र चुकीचं आहे, एजे,” ती म्हणाली. “असं गेलं तर अतांचं काम बाद होईल.”

“राहू दे. मी बघते.”

“नाही. तुम्ही लिहायचं, मी पडताळायचं.” तिने कळफलक अनारकुलपुढे सरकवला. “लिहा.”

अनारकुलने ‘प्रकृती अस्वस्थ’ हे शब्द खोडले. त्या जागी तिने ‘निधन’ लिहिलं, आणि ‘मृत्यूचा दाखला नियमानुसार नंतर सादर करण्यात येईल’ अशी ओळ जोडली. बेगिमायने ती बोट ठेवून वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जशी कोणतीही ओळ वाचली असती तशी. फोनवर आलेला आकडा तिने सांगितला. एकामागून एक तिन्ही पत्रं गेली. मिळाल्याची पोच आली तेव्हा मुदत संपायला अजून अवकाश होता.

मग तिने दोन्ही हात मांडीत घेतले.

“एजे, मला कळलंय असं काकांना सांगू नका.”

“बरं.”

“ते एवढे लांबून येताहेत. रस्ताभर शब्द जुळवत असतील. त्यांना बोलू दे.”

“बोलू दे,” अनारकुल म्हणाली.

गाडी आली तेव्हा मेदेतबेक स्वतः फाटकापर्यंत गेले. तीन म्हातारे टोप्या सावरत आत आले. ओमोर बेगिमायच्या समोर बसले, दुसरे तिच्या उजवीकडे, तिसरे मागे उभे राहिले. डावीकडे अनारकुल होतीच. ओमोरनी घसा साफ केला आणि गावाकडच्या हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. मग ते वरच्या झऱ्याकडे वळले; यंदा पाणी कसं आटत चाललंय, आणि कोणताही झरा कायमचा वाहत नाही...

बेगिमाय डोकं खाली घालून ऐकत होती. काका त्या शब्दापाशी पोचेपर्यंत ती थांबून राहिली. ते पोचले, आणि तेव्हाच, पहिल्यांदा, तिच्या तोंडून आवाज फुटला. अनारकुलला वाटलं होतं की मुलगी म्हाताऱ्यांचं मन राखण्यासाठी रडेल. तसं ते नव्हतं. म्हाताऱ्यांनी तिला पुढून-मागून धरलं, आणि ती त्यांच्या हातांत कोसळली.

अनारकुलने उठून बेगिमायच्या संगणकाचा पडदा मिटला आणि पुन्हा तिच्या डाव्या बाजूला येऊन बसली.