थंडीचं भाडं

किलोला बारा

आंब्याचा भाव ऐकून सूनबाईने फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"किती म्हणालात?"

"बारा," दलाल म्हणाला. "आणि उद्या विचारलंत तर अकराही सांगेन. झाडं वेडी झालीयेत यंदा. गाड्या उभ्या आहेत, उतरवायला जागा नाही."

गेल्या वर्षी हाच आंबा पंचवीसने घेतला होता, तोही दलालाच्या हातापाया पडून. सूनबाई फोन तसाच हातात धरून मागच्या शेडमध्ये धावली. नवरा गर काढायच्या मशीनची चाळणी धूत होता. तिने सांगितलं, तर त्याच्या हातून चाळणीच निसटली.

या घरात पल्पचा भाव काढायची एक रीत होती. हंगामाचा पहिला क्रेट उघडायचा, त्यातलं एक फळ तळहातावर घ्यायचं, देठाशी वास घ्यायचा आणि फळाच्या भावाची चौपट मोठ्याने सांगायची. तोच पल्पचा भाव, पुढचा हंगाम येईपर्यंत. कोणी माल पहिल्या महिन्यात उचलो नाहीतर दहाव्या. हे सासऱ्यांनी सुरू केलं होतं. ते गेल्यावर फळ सासूबाईंच्या हातावर आलं.

सासूबाईंनी वास घेतला, डोळे मिटले.

"अठ्ठेचाळीस!"

शेडमधल्या बायका हसल्याच. गेल्या वर्षी शंभर होता. पण तासाभरात फोन वाजू लागले, आणि सगळ्यांत आधी वाजला तो आइस्क्रीमवाल्या काकांचा. गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"वहिनी, किती माल काढताय?"

"दुप्पट काढतोय यंदा."

"त्यातला निम्मा माझा. उन्हाळ्याच्या तोंडाशी उचलतो. तोवर भाव बदलणार नाही ना?"

सासूबाईंना हा प्रश्न अंगाला झोंबला. "आमच्याकडे भाव बदलत नसतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

किलोला चोवीस

दोन किलो आंब्यातून एक किलो पल्प निघतो. बाकीचं साल आणि कोय. म्हणजे बाराचा आंबा बादलीत शिरेपर्यंतच चोवीसचा झालेला असतो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं आपल्याला आपलं वय माहीत असतं. कोणी मुद्दाम मोजत बसत नाही.

किलोला बेचाळीस

मजुरी आणि इंधन नऊ. बादली आणि आतली पिशवी पाच. गोठवायचे चार.

हे आकडे तेव्हा कोणी मांडले नाहीत. वेळ कुठे होता? कोपरापर्यंत हात पिवळे, भिंती पिवळ्या, नवऱ्याच्या भुवया पिवळ्या. रात्रंदिवस मशीन. टेम्पो भरभरून बादल्या शहराबाहेरच्या कोल्ड स्टोरेजला जात होत्या. सासूबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सून आल्यापासून बघा कसा पाऊस पडतोय आंब्यांचा."

सूनबाई लाजायची. आणि खरं सांगायचं तर तिलाही थोडं तसंच वाटायला लागलं होतं.

किलोला पंचेचाळीस

हंगाम संपून दोन महिने झाले. सूनबाई कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात भांडायलाच गेली.

तिथला मॅनेजर बारा महिने स्वेटर घालतो, म्हणून सगळे त्याला स्वेटरच म्हणतात. तोंडावरसुद्धा.

"स्वेटरदादा, हे काय बिल आहे? गेल्या वर्षीच्या दुप्पट?"

"ताई, माल किती ठेवलाय?"

"दुप्पट."

"मग?" त्याने चहा फुंकला. "किलोला महिन्याला दीड. दर तोच आहे. उलट सगळ्यांनी माल ठेवलाय, मी वाढवायला हवा होता."

"अहो, पण यंदा आंबा बाराने घेतलाय! माल अर्ध्या किमतीचा आहे!"

स्वेटरने कप खाली ठेवला. तिची चेष्टा करावी की कीव, हे त्याचं ठरेना.

"ताई, थंडीला काय माहीत, तुमचं फळ स्वस्त होतं ते? शंभरची बादली असो की शेणाची, उणे अठराला ठेवायची म्हटली की वीज तेवढीच."

मागे जे काही होतं त्यावर ती टेकली.

"वजनकाट्यावर बसू नका," स्वेटर म्हणाला, "बिलात धरीन." पण मग तिचा चेहरा बघून त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

फळाची किंमत अर्धी झाली होती. मजुरी अर्धी झाली नव्हती. बादली झाली नव्हती. इंधन, गोठवणं, भाडं, काहीच अर्धं झालं नव्हतं. फक्त चौपट अर्धी झाली होती. तिने बोटांवर मोजलं. बेचाळीस. दोन महिन्यांचे तीन. पंचेचाळीस. अजून दोन महिन्यांनी अठ्ठेचाळीस, म्हणजे फायदा शून्य. आणि त्याच्यापुढे

किलोला साडेपंचावन्न

"नवव्या महिन्यात काका उचलणार," ती घरी येऊन म्हणाली. "तेव्हा आपल्याला तो किलो साडेपंचावन्नला पडलेला असेल. आपण देणार अठ्ठेचाळीसला. प्रत्येक किलोमागे साडेसात आपण त्यांना वरून देतोय, आई. आणि माल दुप्पट काढलाय. बँकेचं व्याज मी धरलेलंच नाही."

नवरा जेवत होता. त्याने घास ताटात ठेवला. "मशीन विकावं लागेल," तो म्हणाला. कोणी त्याला वेड्यात काढलं नाही. हेच जास्त भयंकर होतं.

सासूबाई मात्र भडकल्या. "चौपट चुकीची कशी असेल? तुझ्या सासऱ्यांची चौपट आहे ती! तीस वर्षं चाललीये."

"पंचवीसच्या आंब्याला चालली, आई. पन्नासचा गर, अठरा खर्च, भाडं वर्षाचं धरा अठरा. तरी शंभरात चौदा उरतात. बाराला नाही चालत."

"आणि स्वस्ताई काय पहिल्यांदा झालीये? एकदा तर आंबा रस्त्यावर पडला होता, गुरं खात नव्हती. तेव्हासुद्धा..."

सासूबाई थांबल्या.

"तेव्हासुद्धा काय?"

त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. "त्या वर्षी ह्यांनी शेडला कुलूप लावलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "सगळा हंगाम. मला घेऊन माझ्या बहिणीकडे जाऊन राहिले. मी महिनाभर बोलले नव्हते त्यांच्याशी. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. मला वाटलं, आळस. मी तोंडावर म्हणाले होते. ऐदी म्हणाले."

"त्यांनी काही सांगितलं नाही?"

"'परवडत नाही' एवढंच म्हणाले. मी म्हटलं, फुकट मिळतंय ते परवडत नाही?"

सासूबाईंनी इतकी वर्षं चौपट सांभाळली होती, आणि चौपट कधी करायची नाही हे कुलूप लावून सांगून माणूस निघून गेला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे सूनबाईला बघवेना.

"काकांना फोन कर," नवरा म्हणाला. "भाव वाढवून माग."

"नाही!" सासूबाई आणि सूनबाई एकदम म्हणाल्या. दोघी पहिल्यांदाच एकदम बोलल्या असतील.

किलोला शेहेचाळीस

आइस्क्रीमच्या कारखान्यात गोड, दुधाळ वास होता आणि पायाखाली ओलं. काकांनी सूनबाईला स्टूल दिलं.

"बोल पोरी."

"काका, भाव तोच राहील. पण माल आत्ताच उचला. आत्ता उचललात तर किलोमागे दोन कमी घेईन."

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "ठीक आहे. उद्यापासून पाठव."

इतकं झटकन? तिने ओठ चावला. काका उठले, मागचं जाड दार ओढलं. आतून पांढरी वाफ आली. डाव्या बाजूला लोण्याची खोकी छतापर्यंत. उजवी बाजू मोकळी. पुसून स्वच्छ केलेली.

"ही जागा कधीपासून रिकामी आहे?" तिने विचारलं.

"हंगामापासूनच." काका हसले, मनापासून, लपवाछपवी न करता. "स्वस्ताईच्या वर्षी मी ठेवतोच रिकामी. तिसऱ्या महिन्यात एकेक जण यायला लागतो. तू जरा लवकर आलीस. बाकीचे चार कमी करतात, तू दोनच म्हणालीस."

म्हणजे भाव बदलणार नाही ना, असं विचारलं तेव्हाच या माणसाला सगळं माहीत होतं. साडेपंचावन्नही माहीत होते. सासूबाई बाणेदारपणे फोन ठेवत होत्या, आणि इकडे हे फरशी पुसून घेत होते.

तिला रडू येणार होतं. त्याऐवजी तिची नजर लोण्याच्या खोक्यांवर गेली.

"लोण्यासाठी खोली चालूच आहे ना, काका?"

"अर्थात."

"मग अर्ध्या खोलीची थंडी वाया जातेय. माझा माल आत आला तर तुम्हाला वीज किती जास्त लागेल?"

काका हसायचे थांबले. "थोडी लागेल."

"थोडीच. आणि मला महिन्याला दीड रुपया लागतो. मग तुमचा खर्चच नसताना दोन रुपये कशाचे कमी करू?"

"कारण तुला गरज आहे, पोरी."

"आहेच. पण मी बुडाले तर उन्हाळ्यात तुमच्याकडे खोली असेल, लोणी असेल, पल्प नसेल. यंदा सगळे बाराच्या आंब्यात अडकलेत. माझ्यासारखे किती जण उन्हाळ्यापर्यंत टिकतील, तुम्हीच सांगा. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

काकांनी दार लावलं. वाफ त्यांच्या पायाशी विरली. त्यांनी मान खाजवली.

किलोला अठ्ठेचाळीस

"पूर्ण भाव," काका म्हणाले. "पण अर्धे पैसे आत्ता, अर्धे उन्हाळ्यात."

"चालेल."

"सासूपेक्षा चिवट आहेस."

"सासूबाईंना सांगते तसं."

किलोमागे तीन उरले. गेल्या वर्षीच्या मानाने काहीच नाही. परतताना ती दोनदा चुकीच्या रस्त्याला लागली. धक्का अजून उतरला नव्हता.

किलोला

उरलेला निम्मा माल कोणी मागून ठेवलेला नव्हता. तो अजून थंडीतच होता. सूनबाई सासूबाईंना कोल्ड स्टोरेजमध्ये घेऊन गेली. इतक्या वर्षांत त्या कधी आत गेल्या नव्हत्या. स्वेटरने स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. सगळे बघतच राहिले. आत त्याने चक्क शर्ट घातलेला होता.

सासूबाई बादल्यांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. श्वास पांढरा पडत होता. वरचे मोठे पंखे घरघरत होते. त्यांनी एका बादलीवर तळहात ठेवला, हंगामाच्या पहिल्या दिवशी फळ धरायच्या तसाच, आणि चटकन काढला.

"हे असं रोज?" त्या म्हणाल्या.

"रोज. आपण घरी झोपलेलो असतो तेव्हापण."

"आणि मी त्यांना ऐदी म्हणाले."

बाहेर आल्यावर त्यांचा फोन वाजला. बेकरीवाली होती, शेजारच्या गल्लीतली. सासूबाईंनी फोन जरा लांब धरला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला.

"वहिनी, पल्प आहे का अजून? भाव तोच ना, अठ्ठेचाळीस?"

सूनबाई सासूबाईंकडे बघत होती.

"आज उचललास तर तोच," त्या म्हणाल्या. "पुढे दर महिन्याला दोनने वर."

"अगंबाई! तुमच्याकडे भाव बदलतो?"

सासूबाईंनी त्या जाड दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आधी सांग," त्या म्हणाल्या, "कुठल्या महिन्यात उचलणार?"