जोडात गेलेल्या चार ओळी

टेम्पोवाल्या देवरावला मारहाण झाली ती भरदुपारी, इतवारीच्या भांडेबाजाराच्या तोंडाशी. टेम्पो लावायच्या जागेवरून वामन्या नावाच्या गुंडाशी बाचाबाची झाली आणि त्याच्या टोळीतली पाच पोरं सळया घेऊन उतरली. पहिल्या घावात कोपर फुटलं, दुसऱ्यात पुढचे दात रस्त्यावर सांडले. बाजार बघत उभा राहिला. मध्ये पडला तो एकटा गिरिधर चहावाला, आणि पोलिसांना नावं सांगितली तीही त्यानंच.

देवरावची धाकटी बहीण उत्तरा वकील गोपिकाताईंच्या ऑफिसात टायपिंगचं काम करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला वामन्याचं पान नेटवर सापडलं. मारहाणीचा व्हिडिओ त्यानं स्वतःच टाकला होता आणि खाली त्रेसष्ट प्रतिक्रिया होत्या. भाऊ रक्तात लोळतोय आणि त्याखाली हसणारी तोंडं.  एक ओळही न वाचता उत्तरा पान सरकवत गेली आणि फोटो घेत गेली. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या काही ओळी पुन्हा येतील, मधलं काही सुटणार नाही, अशा बेतानं चौदा स्क्रीनशॉट झाले. तासाभरात पान गायब झालं.

"एकच सलग कागद कर," गोपिकाताई म्हणाल्या. "दोनदा आलेल्या ओळी काढ, आणि प्रत्येक ओळीला नंबर दे. एकच ओळ दोनदा दिसली तरी समोरचा वकील म्हणेल, कागद बनावट आहे."

दुपारभर ती बसली. प्रत्येक चित्रावर डोक्याशी येणारी नावाची निळी पट्टी कापायची, वरच्या चित्राची शेवटची ओळ खालच्या चित्रात शोधायची, तिथपर्यंतचा भाग उडवायचा आणि चिकटवायचं. सहाव्याची शेवटची ओळ होती, "हात तोडला, आता पाय." नाव वामन्याचं, खाली "२१ तासांपूर्वी". सातवं चित्र खालून वर बघताना ती ओळ दिसताच तिनं कापलं. काम झालं.

नंबर घातले तेव्हा अठ्ठावन्नच भरले. पानावर आकडा होता त्रेसष्ट.

ती एकेक जोड उघडून बघू लागली. साडेतीन वाजले होते. सातव्या चित्रापाशी ती थबकली. "हात तोडला, आता पाय" तिथं दोनदा होतं. वामन्यानं तीच ओळ त्याच तासात दोनदा लिहिली होती. नाव तेच, वेळ तीच. सहाव्याच्या शेवटच्या तीन ओळी एकत्र लावून पाहिल्या तर वरचीच जुळत होती. तिनं जोडलं होतं खालच्या ओळीला. खालची ती ओळ आणि मधल्या चार ओळी जोडात गेल्या होत्या.

*चायवाला लई बोलून राहिला.*
*गिरिधर ना? त्याचं तोंड बंद करू.*
*उद्या चार वाजता, टपरीवरच.*
*सळया मी आणतो.*

"ताई, उद्या म्हणजे आज!"

गोपिकाताई पोलिसांना फोन लावत होत्या. गिरिधरचा लागत नव्हता. उत्तरानं स्कुटी काढली.

ती पोचली तेव्हा टपरी आडवी झाली होती. वामन्याच्या दोघा पोरांनी गिरिधरला स्टोव्हवर दाबून धरलं होतं, तिसरा सळईनं तोंडावर हाणत होता. हाड फुटल्याचा आवाज आला. गिरिधरची बायको तारा उकळत्या चहाचं पातेलं उचलून एकाच्या पाठीवर ओतत होती. तो गुरासारखा ओरडला. उत्तरानं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून सळईवाल्याच्या कानशिलात घातलं. तो वळला, सळई तिच्या खांद्यावर बसली आणि हात लोंबकळला. ती पडली, पण त्याच्या पोटरीला चावली ती सोडली नाही. तोंडात रक्त आलं, कोणाचं ते तिला कळलं नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हाच तिचे दात सुटले.

तिघंही तिथंच सापडले. वामन्याला संध्याकाळी उचललं. गिरिधर वाचला, पण डावा डोळा गेला आणि उजव्यावरही पट्टी बांधली होती.

गोपिकाताईंनी कागद पुन्हा करून घेतला. या वेळी प्रत्येक जोडाला तीन-तीन ओळी जुळवून, आणि मूळ चौदाही चित्रं सोबत लावून. पुढं त्याच चार ओळींवर कटाचं कलम लागलं.

आठवड्यानं, हात गळ्यात बांधलेला, उत्तरा दवाखान्यात गिरिधरला भेटायला गेली.

"गिरिधरभाऊ, त्या ओळी सकाळपासून माझ्याजवळ होत्या. मी वाचल्याच नाही. अन् जोडताना मीच कापल्या."

 तारानं चादर नीट केली.

"काहून सांगून राहिली वं आता?" ती म्हणाली. "त्याले माहीत नसतं तर बरं झोपला असता."

"राहू दे, तारा," गिरिधर पट्टीआडून म्हणाला. "बाई, कोर्टात तो कागद वाचतीन तवा मले दिसन का नाही, काय माहीत. तू वाच. काय लिवलं होतं माह्याबद्दल?"

उत्तरानं फोन काढला आणि वाचायला लागली.