शालन यांस, शालन हिस

“‘हिस’ खोड. ‘यांस’ लिही,” चिंतामण म्हणाला.

सयाजीने खोडले. साताऱ्याच्या कचेरीत मधल्या सुट्टीत दोघे एका टेबलाशी बसले होते. कागद कच्चा होता. पसंत पडले की मग आंतर्देशीय पत्रावर उतरवायचे होते. १९७३ सालचा भाद्रपद. आठ दिवसांपूर्वी सयाजी सांगलीला मुलगी पाहून आला होता. मुलगी दवाखान्यात नर्स होती. दोन्ही घरे राजी होती, सुपारी दसऱ्यानंतर फोडायची होती. उठता उठता मुलीचे चुलते नानासो म्हणाले होते, “पोरंबी शिकलेली हाईत. लिवू द्या की एकमेकास्नी.”

पाहण्याच्या कार्यक्रमात सयाजीच्या मामाने विचारले होते, “नाव काय बाळ तुजं?” सयाजीला विचारायची पाळी आली तेव्हा तो “ड्युटी किती वाजता असते?” एवढेच बोलला. त्यात तुझी-तुमची काही आले नाही, म्हणून त्याला बरे वाटले होते. कागदावर मात्र तसे सुटता येईना.

“कु. शालन यांस, सप्रेम नमस्कार,” त्याने वाचले.

“सप्रेम नको. पत्र आधी चुलता फोडणार. नुसता नमस्कार.”

“आमच्या कोरेगावाकडं बायकांना कोण ‘आपण’ म्हणत नाही, चिंतामण. सरळ ‘तू’.”

“‘तू’ लग्न ठरल्यावर. पाहून आलास की ‘आपण’, सुपारी फुटली की ‘तुम्ही’, साखरपुडा झाला की ‘तू’. मी ह्याच पायऱ्यांनी गेलो.”

“आणि वहिनी?”

“ती पहिल्या दिवसापासून अहो. तिला कुठल्या पायऱ्या?”

सयाजीने एक खटपट करून पाहिली. ‘प्रकृती ठीक असेलच. सवडीने पत्र पाठवावे.’ चिंतामण हसला. “हे काय, तगाद्याचं पत्र आहे?” सयाजी सहा वर्षे जावक विभागात होता. दिवसाला चाळीस पत्रे त्याच्या हातून जात, आणि बहुतेक पत्रांत ‘आपणास कळविण्यात येते की’ असे. शेवटी तोच शब्द त्याच्या हाताला सोपा गेला. त्याने लिहिले: ‘आपली भेट झाली, आनंद वाटला. आपल्याला वाचनाची आवड आहे असे समजले. आपले विचार कळवावेत.’

पत्र टाकले त्याच्या दहाव्या दिवशी नानासो स्वतः कचेरीत आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात तेच पत्र.

“पावनं, न्हाई म्हनायचं हुतं तर निरोप धाडायचा. एवढं लिवायचं कशाला?”

“नाही कुठं म्हटलंय?” सयाजी उभा राहिला.

“आपली भेट, आपलं विचार. ह्येच्या आदी दोन जागी पोर नाकारली. दोनी टायमाला आसंच कागद आलं. ‘आपलं पत्र पावलं, आपन राग मानू नये.’ घरात वाचून दाखीवलं तर आमची म्हातारी उठून आतच गेली.”

“आवं काका, मी मान म्हणून लिहिलं.”

“मान लांबच्याला देत्यात. घरची हाय तर ‘तू’ म्हना की! लाजताय व्हय?” नानासोंनी आवाज खाली आणला. “तासगावचं एक मास्तर इचारतोय. मी थांबीवलाय. लय दिस न्हाई थांबायचा.”

त्याच संध्याकाळी सयाजीने दुसरे पत्र लिहिले. ‘चि. शालन हिस. तू कशी आहेस? काकांकडून तुझी खुशाली कळली. तुझ्या पत्राची वाट पाहतो.’ लिहिताना कान तापले होते, पण पत्र भराभर झाले. चिंतामणला त्याने ते दाखवले नाही.

उत्तर आले ते दवाखान्याच्या पत्त्यावरून. वर मायना नव्हता. ‘दोन्ही पत्रे मिळाली. पहिले कोणाचे आणि दुसरे कोणाचे, एवढे कळवावे. शालन.’

सयाजीने ते चार वेळा वाचले. त्यात तो कुठेच नव्हता. ना ‘आपण’, ना ‘तुम्ही’. जी वाट त्याला जमली नव्हती ती तिला एका ओळीत जमली होती. रागाचे पत्र आहे की थट्टेचे, हे त्याला कळेना. त्याने किरकोळ रजेचा अर्ज टाकला आणि गुरुवारी सकाळी सांगलीची एस. टी. धरली.

दवाखान्याच्या पडवीत राहीबाई नावाच्या आयाने त्याला थांबवले आणि आत निरोप दिला. शालन बाहेर आली. हाताला औषधाचा वास, डोक्यावर पांढरी टोपी. ती खांबापासून चार हातांवर थांबली.

“दोन मिनिटं आहेत,” ती म्हणाली.

“आप... दोन्ही पत्रं माझीच.”

“अक्षर एकच आहे, ते दिसलं. माणूस कुठला?”

“पहिलं चिंतामणनं सांगितलं तसं. कचेरीतला मित्र. दुसरं काका म्हणाले म्हणून.”

“आणि स्वतःचं कुठलं?”

“मी लिहिलं.”

तिला हसू आले असावे, पण ते तिने येऊ दिले नाही.

“इथं मला सगळे ‘तू’ म्हणतात. पेशंट, त्याची आई, डॉक्टर. ए सिस्टर, इकडं ये. पहिलं पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र ते ट्रंकेत ठेवलं. दुसरं आलं तेव्हा सगळे खूश. काकी म्हणाली, झालं, पोरगी त्यांची झाली.” ती थांबली. “मी तर अजून कुणाला काही सांगितलंच नव्हतं.”

“मग ‘तू’ म्हणायला नको होतं?”

“तसं नाही. एकदा विचारायला हवं होतं.”

आतून कुणीतरी हाक मारली. “परवा काकांना उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली आणि गेली.

सयाजी पडवीत उभा राहिला. ‘आपण’ लिहिले तर घराला लांबचे वाटले, ‘तू’ लिहिले तर तिला न विचारता जवळ आल्यासारखे. मधला ‘तुम्ही’ सुपारीनंतरचा, आणि सुपारी आता फुटेल की नाही हेच ठरायचे होते. चिंतामण साताऱ्यात होता. नानासो मळ्यात असतील. विचारायला कोणी नव्हते.

त्याने खिशातला कागद काढला. ‘तुम्हाला’ लिहिले, खोडले. ‘तुला’ लिहिले, तेही खोडले. मग खाली लिहिले: ‘काय म्हणू? आणि मला काय म्हणायचे ठरवले आहे? ह्या वेळी कोणाला विचारलेले नाही.’ खोडलेले तसेच राहू दिले. चिठ्ठी राहीबाईच्या हातात दिली.

राहीबाई बऱ्याच वेळाने आली.

“वाचली?”

“वाचली.”

“काय म्हणाल्या?”

“बसायला सांगितलंय. दोनला सुटत्यात.”

“बस म्हणाल्या की बसा म्हणाल्या?”

राहीबाईने त्याच्याकडे नीट पाहिले. “आता ते कुटं ध्यानात ऱ्हातंय, बाबा? तितं एक पोरगं उलट्या करतंय. त्याला धरून बोलली ती.” आणि बादली उचलून ती आत गेली.

दोन वाजायला पाऊण तास होता. पडवीतल्या बाकावर एक म्हातारा झोळी घेऊन बसला होता. त्याने सरकून जागा केली. सयाजी बसला. आतून पांढऱ्या साडीतली एक बाई येताना दिसली, तसा तो उठला. ती दुसरीच होती. तो पुन्हा बसला. मग दार उघडले की दर वेळी उठावे लागेल असे वाटून तो भिंतीशी जाऊन उभाच राहिला.

“बसा की,” म्हातारा म्हणाला.

“बरं आहे असं,” सयाजी म्हणाला.