खुंटीवरची चुसणी

नातवाच्या, नवनीतच्या तोंडातली चुसणी सुटेल त्या दिवशी तो आपल्याकडून जाणार, हे शोभाबाईला पक्कं ठाऊक होतं. जावयाने तसं स्वच्छ सांगितलंच होतं.

"मामी, रातले तीन-चारदा ऊठस तो," शाळेत शिकवणारा भूपेश म्हणाला होता. "दीपमालानी रातपाळी ऱ्हास, माले सकायनी शाया. रातभर झोपाले लागना का लई जासू."

पोरगं रात्रभर झोपायला लागलं की घेऊन जाणार, यात भूपेशचं काही चुकलं नव्हतं. शोभाबाईची लेक चेतना गेल्यावर दीड वर्ष तो एकटा राहिला, मग दवाखान्यात नर्स असलेल्या दीपमालाशी लग्न केलं आणि खापर गावात बिऱ्हाड थाटलं. मुलगी चांगली होती. येताना नवूसाठी सदरा आणायची, त्याचं नाक स्वतःच्या रुमालाने पुसायची. तिच्यात खोट काढता आली असती तर शोभाबाईला केवढं बरं वाटलं असतं! पण देव तेवढीही सोय ठेवत नाही.

चुसणी आणली होती चेतनानेच. नवू पाच महिन्यांचा असताना तिचा आजार उघडकीस आला, सुरतला औषधं सुरू झाली आणि अंगावरचं दूध तोडावं लागलं. पोराला वाटी-चमच्याने दूध जायचं, पण झोप यायची नाही. तिथल्या डॉक्टरांनी चुसणी द्यायला सांगितलं. म्हणाले, तान्ह्या बाळाला झोपताना चुसणी चांगलीच, शांत होतं, आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही कमी होतो. फक्त तिला दोरा बांधू नका, गूळ-मध लावू नका, आणि झोपेत तोंडातून पडली तर परत घालू नका.

दोरा नाही बांधला, मधही नाही लावला. तिसरी गोष्ट मात्र पाळली गेली नाही. चेतना दवाखान्यात, लेकरू शोभाबाईच्या कुशीत. चुसणी पडली की ते चाचपायचं, दचकायचं, रडायचं, आणि शोभाबाई अंधारात शोधून ती परत तोंडात द्यायची. चेतना गेली त्या रात्रीही दिली. मग पोराला तेच वळण लागलं. चुसणी असली तर झोप, पडली की जाग. शोभाबाई दोन वर्षं सलग झोपली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला तसं झोपायचंही नव्हतं. लेकीच्या आठवणीने जागं राहण्यापेक्षा नातवासाठी उठणं बरं. दूध सांडून गेलं होतं, हाताशी साय तेवढी उरली होती.

अडीच वर्षांच्या नवूचा कान पुन्हा वाहू लागला तेव्हा ती त्याला शहाद्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिला, मग तोंड मिटायला सांगितलं. मागचे दात एकमेकांवर बसले तरी पुढच्या दातांत फट राहत होती.

"आजी, आता ही सोडवायची. कानाला त्रास होतोय, दातही पुढे येताहेत. आत्ता सुटली तर दात बरेचसे आपोआप जागेवर येतील."

"कडूनिंब लावू का? आमनाकडे अंगवरलं सोडाले तेच लावतस."

"नको. त्याची आई गेलीये, आजी. उरलेला आधार कडू करू नका."

शोभाबाईने मान खाली घातली. चेतनाला तिने असंच तोडलं होतं. पाला वाटून छातीला लावला, पोरीने तोंड लावलं आणि वर बघितलं. ते बघणं तिला अजून आठवत होतं.

बाईंनी रीत सांगितली. आधी दिवसाची चुसणी बंद, फक्त अंथरुणात द्यायची. ते अंगवळणी पडलं की पेंगताना हळूच काढून घ्यायची, आणि रात्री उठला तर चुसणीऐवजी पाठीवर हात ठेवायचा. जवळ घ्यायला दुसरं काहीतरी द्यायचं. शेवटी त्याच्याच हाताने कुणाला तरी देऊन टाकायची. रडेल काही रात्री, पण रागवायचं नाही, आणि एकदा दिली की परत काढायची नाही.

शोभाबाईने सगळं बरहुकूम केलं. चेतनाच्या जुन्या लुगड्याची लहानशी गोधडी शिवली. रात्री पोरगं रडलं की पाठ थोपटत म्हणायची, "रडू उनं ते मी शे ना." रडू आलं तर मी आहे, एवढंच तिला सांगायचं असे. पहिल्यांदा त्याने घर डोक्यावर घेतलं. शेजारची कमलीबाई विचारायला आली की काय मारतेस का पोराला. हळूहळू रडणं कुरकुरीवर आलं.

त्याच सुमारास गोठ्यातलं वासरू गायीपासून तोडून वेगळं बांधलं होतं. ते सारखं हंबरायचं. नवू त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला, मग आजीकडे वळला.

"मोठी माय, त्याले झोप नही येत?"

"नही येत, बाप्पा. माय नही ना जोडे."

आई जवळ नाही हे ऐकून नवूने घरात जाऊन उशीखालची चुसणी आणली. शोभाबाईच्या नवऱ्याने, भटूआजाने त्याला उचलून घेतलं आणि वासराच्या डोक्यावरच्या खुंटीला ती अडकवू दिली. त्यानंतर पोरगं गोधडी गालाशी धरून झोपायला लागलं. मधेच कुरकुरलं तर आपणच कूस बदलायचं. आणि मग एका रात्री अजिबात उठलं नाही. उठली ती शोभाबाई, नेहमीच्या वेळी, आणि तिला करायला काही नव्हतं.

भूपेशचा फोन आला. "मामी, ऊठस का आते बी?"

"हाव, ऊठस," ती म्हणाली. खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या फोनलाही ती तेच बोलली. पण हे किती दिवस चालणार? डाळीच्या डब्यात चेतनाने आणलेली एक कोरी चुसणी होती. शोभाबाईने ती काढली, उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ केली आणि पदरात बांधून ठेवली. त्या रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर ती नवूच्या उशाशी बसली. पोरगं गाढ झोपलं होतं, तोंड जरासं उघडं होतं. परत सवय लागली असती. परत तीन-चारदा उठलं असतं. परत आपलं राहिलं असतं. एवढ्याशा रबराने काय मोठं पाप लागणार होतं?

तिने चुसणी त्याच्या ओठांना लावली.

नवूने ती दोनदा चोखली. मग जिभेने बाहेर ढकलली आणि डोळे न उघडताच म्हणाला, "नको, मोठी माय. ती वासरूले दिन्ही ना."

गोधडी गालाशी ओढून तो झोपीही गेला. शोभाबाई तोंडात पदर कोंबून रडली, त्याची झोप मोडू नये म्हणून. ज्याला तोडायचं होतं ते लेकरू केव्हाच तुटलं होतं.

सकाळी तिने स्वतःच फोन लावला. "भूपेशराव, या. लई जा आते. रातभर झोपस तो."

"खरंच, मामी? कव्हयपाशीन?"

"बराच दिन व्हयनात," ती म्हणाली. "मी खोटं बोलनू. माफ करा."

भूपेश म्हणाला, "रविवारे येसू. दीपमालाले बी लई येसू."

फोन ठेवून ती गोठ्यात गेली. वासरू आता हंबरत नव्हतं, निवांत चारा खात होतं. तिने रात्री परत मारलेली पदराची गाठ सोडली आणि चेतनाची ती चुसणी त्याच खुंटीला अडकवली. नवू मागोमाग आलाच होता. एक चुसणी त्याची, मग ही दुसरी कुणाची, त्याला कळेना.

"हाई कोनी शे?"

"मन्ही," शोभाबाई स्वतःच्या छातीवर हात ठेवत म्हणाली.

नवूने तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या लुगड्याला धरून मोठ्या माणसासारखं म्हणाला, "रडू उनं ते मी शे ना."