एकदाच सांगणाऱ्या बाई

बाईंचा एक नियम साऱ्या शाळेला पाठ होता: बाई एकदाच सांगतात. बावीस वर्षं पाचवी सांभाळलेली, आवाज खणखणीत. "वही काढा, तारीख घाला, पान चाळीसवरची पहिली सहा गणितं सोडवा आणि झालं की टेबलावर आणून ठेवा," असं एका दमात म्हणून त्या फळ्याकडे वळायच्या. ज्याला जमलं नाही त्याचं लक्ष नव्हतं, विषय संपला.

शिंप्याची धाकटी वही काढायची आणि हाताची घडी घालून बसायची. रोज. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी प्रगतिपुस्तकात लिहिलं: 'आळशी. मनात आणलं तर करू शकेल.' पोरगी उलट बोलत नव्हती, खोड्या काढत नव्हती, नुसती बसून राहायची. बाईंचं डोकं त्यानंच जास्त फिरायचं.

सहामाहीनंतर मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं की वर्षअखेरीच्या चाचणीत हिची अशीच गत असेल तर ती पाचवीतच बसेल. धाकटीचे वडील गळ्यात टेप तशीच लटकवून धावत आले.

"बाई, घरी ती आळशी नाही हो," ते म्हणाले. "काजं-बटणं चोख करते. फक्त एक शर्ट नमुना म्हणून समोर ठेवावा लागतो. आणि पुढचं काम आधीचं झाल्यावर सांगावं लागतं. चार एकदम सांगितली की पहिलंच करून बसते."

बाईंना हे झोंबलं. एका शिंप्यानं आपल्याला शिकवायला सांगावं? आळस सिद्धच करू, म्हणून त्यांनी शाळेच्या विशेष शिक्षिकेला वर्गात बोलावलं.

विशेष शिक्षिका दोन दिवस मागच्या बाकावर बसली. मग धाकटीचे कान आणि डोळे तपासून झाले, ते ठणठणीत निघाले. मानसशास्त्रज्ञांनी तिची चाचणी घेतली, घरी ती काय काय करते तेही आईवडिलांना विचारलं. बुद्ध्यांक शहात्तर आला. ही बौद्धिक अक्षमता नव्हे, विशेष शिक्षिकेनं बाईंना समजावलं, पण सरासरीही नव्हे. पोरगी मधल्या सीमेवर आहे. शिकते, पण सावकाश, आणि एका वेळी तिच्या डोक्यात थोडंच मावतं.

"बाहेरून काही दिसत नाही, म्हणून अशा मुलांना आपण आळशी म्हणतो," ती म्हणाली. "तुमच्या चार सूचनांपैकी पहिली ती रोज पाळत होती, बाई. हीच पाचवी अशीच परत दिली, तर परत हेच होईल."

बाईंचा त्या दिवशी डबा तसाच राहिला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी कुणापासून लपवलीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एकच सूचना. जिभेला बावीस वर्षांचं वळण, ती सारखी घसरायची. काय करायचंय ते धाकटी आपल्या शब्दांत बाईंना सांगायची, मगच पेन्सिल उचलायची. बाकावर पायऱ्यांचं कार्ड चिकटलं, पानाच्या वर एक सोडवलेलं गणित आलं, सहाऐवजी तीनच गणितं आणि वेळ जास्त. अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्या कापल्या. आज शिकलेलं उद्या परत, आठवड्यानं परत. बाकीची पोरं तिच्या कार्डात डोकावू लागली, तेव्हा बाईंनी तेच मोठं करून भिंतीवर लावलं. चमत्कार काही झाला नाही. अपूर्णांकांच्या बेरजेलाच तीन आठवडे गेले, पण बेरीज आली.

वर्षअखेरीची चाचणी घ्यायला सातवीचे सर आले. धाकटीला कार्ड, पट्ट्या आणि जास्तीचा वेळ मिळणार हे ठरलेलं होतं. सरांच्या बोलण्याचं काय, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाई दाराशी उभ्या होत्या, आत बोलायची परवानगी नव्हती. सरांनी घाईत सुरू केलं, "नाव लिहा, पान उलटा, पहिला प्रश्न गाळा, दुसऱ्यातली कुठलीही पाच करा, उत्तराला चौकट करा."

धाकटीनं नाव लिहिलं आणि हाताची घडी घातली. सहामाहीपासूनची सगळी मेहनत गेली, असं बाईंना वाटलं.

मग तिचा हात वर आला.

"सर, मला एका वेळी एकच सांगा. मग मला येतं."

सर जरा गोंधळले, पण त्यांनी एकेक करून सांगितलं. तिनं सगळ्यांच्या नंतर पेपर दिला. पाचांतली तीन बरोबर, एक चुकलेलं, एक अर्धवट. मुख्याध्यापिकांनी पेपर दोनदा पाहिला आणि तिला सहावीत घातलं, या सगळ्या मदतीसकट.

शिक्षकांच्या खोलीत सर जरा घुश्शातच म्हणाले, "मोठ्या माणसाला कसं सांगायचं ते सांगते पोरगी. तुम्हीच पढवलंत ना तिला?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, आणि एवढ्या अभिमानानं त्या आजवर कुणाबद्दल बोलल्या नव्हत्या. "ते तिचं तिला सुचलं."